लाल पेटीतला टोस्टचा डबा

माझा आवाज मोठा आहे. घरी नवरा म्हणतो, तू कुकरची शिट्टी ऐकूच देत नाहीस. कंपनीत म्हणायचे, स्टोअरच्या मॅडम बोलल्या की माइक बंद करून टाका. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तेही पुरुषांच्या कंपनीत. तिथं हळू बोलणाऱ्या बाईला कोण विचारतो? पण या आवाजानं एका माणसावर रस्त्यावर यायची पाळी आणली होती, आणि ते मला सांगून टाकायचं आहे.

आमची कंपनी ट्रकचे गिअरबॉक्स बनवते. हायवेला लागून, वैनगंगेच्या आमच्या काठाला, म्हणजे नागपूरहून निघालात तर भंडारा सोडून नदी ओलांडल्यावर. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या आणि मधे हे पत्र्याचं शेड. मी राहते लाखनीला, स्कूटीवर अर्धा तास.

मी लागले तेव्हा आमच्याकडे पाच गोदामं होती, त्यांतली दोन भाड्याची. तीन-तीन महिन्यांचा माल यायचा आणि पडून राहायचा. पावसाळ्यात गंज चढायचा. डिझाइन बदललं की रॅकवरचा अख्खा माल भंगारात. एकदा सीलचा एक लॉट खराब निघाला, पण कळलं कधी? वापरायला काढला तेव्हा, तीन महिन्यांनी. तोवर पाठवणाऱ्यानं तसेच खराब सील आणखी दोनदा पाठवले होते. उंदीर, भंगार आणि मोजदाद यांतच माझी तारुण्याची वर्षं गेली म्हणा ना.

मग नवी पद्धत आली. लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच. प्रत्येक सुट्या भागाचे दोन डबे. एक वापरात, दुसरा त्याच्या मागे उभा. पुढचा रिकामा झाला की त्याच्यावरचं कार्ड बोर्डावर लागतं, मागचा डबा पुढे सरकतो, आणि कार्डावर लिहिलंय तेवढाच माल नागपूरच्या डेपोतून पुढच्या गाडीनं येतो. सकाळी सहाला एक गाडी, दुपारी दोनला एक. मी कार्ड लावलं नाही तर गाडी माल आणत नाही, आणि लावलं तर एक नगही जास्त आणत नाही.

लोक हसले सुरुवातीला. पण बाप्पा, कामाची होती ती पद्धत! भाड्याची गोदामं सुटली. आतलं एक रिकामं झालं तिथं दुसरी लाइन बसली आणि पंचक्रोशीतल्या चाळीस घरांत पगार जायला लागला. खराब माल आला तर त्याच दिवशी सापडायचा, कारण तो त्याच दिवशी वापरात जायचा. मी त्या पद्धतीच्या प्रेमातच पडले. भिंतीवर पाटी लावली होती मीच: ‘जास्तीचा माल म्हणजे झाकलेली चूक.’ अजूनही मला ते खोटं वाटत नाही. अर्धं वाटतं.

आता त्या माणसाचं सांगते. वय पंचेचाळीसच्या आसपास. साकोलीकडच्या एका गावचा, गावच्या तलावाखाली दीड एकर धान. आमच्याकडे नऊ वर्षांपासून ठेकेदाराच्या नावावर. म्हणजे अकरा महिन्यांचं काम, मग नवी यादी, यादीत नाव असलं तर पुढचे अकरा महिने. यादीचा एक नियम सगळ्यांना पाठ होता: ज्याच्या फायलीत मेमो त्याचं नाव नाही. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला मॅडम.

त्याचं काम स्नॅप रिंग बसवायचं. बांगडीएवढी पोलादी रिंग, एका जागी तुटलेली; शाफ्टवरच्या खाचेत बसते आणि बेअरिंगला जागेवर धरून ठेवते. हिची गंमत अशी की ती सहा जाडींत येते, आणि एकेका जाडीत केसाएवढा फरक. प्रत्येक शाफ्टची खाच मोजायची आणि नेमकी बसेल ती जाडी निवडायची. पातळ लावली तर बेअरिंग हलणार, जाड लावली तर बसणारच नाही. सहा जाड्यांचे सहा जोड डबे त्याच्यासमोर. मधल्या दोन जाड्याच जास्त लागायच्या. त्यांचा चाळीस रिंगांचा एकेक डबा रोज संपायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे-जून महिन्यांत माझा हिशेब जुळेनासा झाला. कॉम्प्युटर एका गिअरबॉक्समागे एक रिंग वजा करतो. चाळीसचा डबा गेला तर चाळीस गिअरबॉक्स निघायला पाहिजेत. निघायचे अडतीस. रोज, दोन्ही जाड्यांत. दोन महिने मी वेडी झाले होते. पाठवणाऱ्याशी भांडले, डेपोशी भांडले, रात्री झोपेत रिंगा मोजायची. वरून विचारणा यायला लागली की मॅडम, चोरी होऊन राहिली का तुमच्या स्टोअरमध्ये? माझ्या स्टोअरमध्ये! अंगाचा तिळपापड झाला.

जुलैच्या एका तपासणीत मी त्याच्या टेबलाखाली वाकले तर मागे, कपड्याखाली, टोस्टचा पत्र्याचा डबा. उचलला तर वजनदार. झाकण काढलं तर रिंगा.

‘हे काय आहे भाऊ?’

‘रिंगा हायेत मॅडम.’

‘ते दिसतंय मला! इथं काय करून राहिल्या?’

तो उभा राहिला. हातातलं गेज खाली ठेवलं. म्हणाला, ‘दर डब्यातून दोन काढून ठेवतो जी. आमच्या घरी तांदळाचा डबा पुसून खाली नाही करत. मूठभर ठेवावंच लागते. बिजाईचं धानबी असंच. खाली डबा पाहिला का माझ्या जिवाले बरं नाही वाटत. तुमच्या घरी नाही ठेवत का?’

ठेवतो ना. माझ्याही डब्यात तळाला गिलासभर तांदूळ असतात, सासूबाईंच्या काळापासून. पण त्या क्षणी मला फक्त माझे दोन महिने दिसत होते. मी फाडकन बोलले, ‘घर घराच्या जागी, कंपनी कंपनीच्या जागी! सहा जाड्यांच्या रिंगा एका डब्यात? एक चुकीची लागली आणि घाटात ट्रकचा गिअरबॉक्स फाटला, तर कोण जबाबदार? तुम्ही की तुमचा तांदूळ?’

लाइनवरची तीस माणसं हातातलं काम टाकून पाहत होती. तो म्हणाला, ‘मॅडम, एक डाव उघडून त पाहा...’

‘काही पाहायचं नाही! आणि या डब्याचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही, समजलं?’

‘हाव जी,’ म्हणाला तो, आणि मान खाली घातली.

मी झाकण दाबलं, डबा उचलला आणि लाल पेटीत टाकला. लाल पेटी म्हणजे बाद मालाची कुलपाची पेटी. त्यातलं परत वापरायचं नसतं, तिमाहीला एकदा भंगारात जातं. मग टेबलावर बसले आणि मेमो लिहिला. ‘बेकायदा साठा, मिसळलेला माल, गुणवत्तेस धोका.’ अक्षर छान आलं होतं. त्या वर्षीची यादी सप्टेंबरच्या एक तारखेला निघणार हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि तरी लिहिला. राग आला की मला पुढचं दिसत नाही, हे काही नवीन नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा फुगली. भंडाऱ्याला लागूनच्या कारध्याचा जुना पूल तर दर दोन वर्षांनी बुडतो, त्याचं कोणाला नवल नाही. पण या वेळी हायवेचा मोठा पूलही पोलिसांनी बंद केला. आमची सहाची गाडी पलीकडच्या रांगेत उभी. तुमसरकडून वळसा घालावा तर तिकडच्या नाल्यांवरून पाणी, रेल्वेही थांबलेली. ड्रायव्हरचा फोन आला, ‘मॅडम, मी नदी पाहून राहिलो, अन् पलीकडे तुमची कंपनीबी दिसल्यासारखी वाटते. पण येऊ कसा?’

गिअर आमच्याच शेडमध्ये कापतात. बाहेरचं कवच रायपूरकडून येतं, म्हणजे नदीच्या आमच्याच बाजूनं. बेअरिंग परदेशातली, म्हणून त्यांचा मुद्दाम पंधरा दिवसांचा साठा. अडलं कुठं? रिंगांवर. एवढीशी, स्वस्त, नागपूरहून दोन तासांत येणारी, म्हणून तिचा साठा ठेवायचा कोणी विचारच केला नव्हता. मीही नाही. जे महाग आणि लांबचं त्याची काळजी घेतली आणि जे हाताशी आहे ते कायम हाताशी राहील असं धरून चाललो. सकाळी दहाला मधल्या दोन्ही जाड्यांचे मागचे डबेही संपले. बाकी चार जाड्यांचे डबे भरलेले, पण त्या काय कामाच्या? शाफ्टला जी बसते तीच बसते. अकराला लाइन थांबली.

मशीनचा आवाज बंद झाला की त्या शेडमध्ये पावसाचा आवाज केवढा मोठा येतो हे मला त्या दिवशी कळलं. लाइन थांबली म्हणजे ठेक्यावरच्या माणसाची हजेरी अर्धी, आणि दुसऱ्या दिवसापासून तर नाहीच. माणसं भिंतीला टेकून बसली. प्लांटचे साहेब फोनवर. जिथं आमचे गिअरबॉक्स जातात त्या ट्रकच्या कारखान्यातही हीच पद्धत; त्यांच्याकडे आमचा माल जेमतेम तीन दिवसांचा. पूल उघडल्या उघडल्या आमच्या गाड्या भरून निघाल्या नाहीत, तर तिकडची लाइनही थांबणार. एकानं दुसऱ्याच्या भरवशावर डबा रिकामा ठेवायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. चाललं तर सोन्यासारखं चालतं, आणि तुटलं की सगळ्यांचं एकदमच.

दोघा पोरांनी डोंग्यातून नदी ओलांडून रिंगा आणायची तयारी दाखवली. साहेब त्यांच्यावर ओरडले, ‘रिंगेसाठी मरता का रे?’ ते मला आवडलं.

मी स्टोअरमध्ये रिकामे डबे पाहत बसले होते. ‘खाली डबा पाहिला का माझ्या जिवाले बरं नाही वाटत.’ डोक्यात एकदम लख्ख झालं. अगं बाई! लाल पेटी!

उठले, पण पाय निघेना. पेटीतलं बाहेर काढायचं तर गुणवत्ता विभागाच्या साहेबांची सही लागते, आणि विचारणार की हा माल कुठून आला. शिवाय मिसळलेल्या रिंगा काय कामाच्या, ही समजूत घालून मी स्वतःला आणखी अर्धा तास बसवून ठेवलं. खोटं कशाला बोलू, माझा मोठेपणा आडवा येत होता. बाहेर माणसांची हजेरी बुडत होती आणि मी आत माझी अब्रू सांभाळत बसले होते.

शेवटी गुणवत्तावाल्या साहेबांना बोलावलं, पेटीचं कुलूप काढलं, डबा टेबलावर उपडा केला. पहिल्यांदाच उपडा केला. वरच्या थोड्या रिंगा सुट्या होत्या, मी धरलं तेव्हाच्या एक-दोन दिवसांतल्या असाव्यात. त्यांच्याखाली पुड्या होत्या. कागदाच्या, दोऱ्यानं बांधलेल्या, प्रत्येकीत दहा-दहा रिंगा. प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी: जाडी, लॉट नंबर, तारीख. वळणदार नाही, पण एकेक आकडा दाबून लिहिलेला. तेल लावून ठेवल्या होत्या. एकाही रिंगेवर गंजाचा ठिपका नाही. आणि डबे मधल्या जाड्यांचेच रोज संपत असल्यामुळे पुड्याही जवळपास सगळ्या त्याच दोन जाड्यांच्या. जे सगळ्यात आधी अडणार, नेमकं तेच त्याच्याकडे जमा झालं होतं.

‘एक डाव उघडून त पाहा’ म्हणाला होता तो.

साहेबांनी सुट्या रिंगा बाजूला सारल्या, पुड्यांचे लॉट नंबर प्रमाणपत्रांशी ताडले आणि मायक्रोमीटर मागवलं. मी बाहेर गेले. तो भिंतीशी बसला होता. तीन तासांपासून लाइन बंद होती आणि हा माणूस तोंड मिटून बसला होता! मला पुन्हा राग आला, सवयच ती.

‘भाऊ, डब्याचं तुम्हाला आठवलं नाही? काहून नाही बोललात?’

‘आठवलं जी, पहिल्याच मिनिटाले,’ तो म्हणाला. ‘पण तुमीच सांगतलं होतं ना, डब्याचं नाव नाही काढायचं म्हणून.’

टोमणा नव्हता त्यात. तेच जास्त लागलं.

एकशे नव्वद रिंगा पास झाल्या. एकेक मोजून. त्यानंच मोजायला मदत केली. प्लांटच्या साहेबांनी लाइन अर्ध्या वेगानं चालवायचं ठरवलं, म्हणजे रोजच्या ऐंशीऐवजी चाळीस रिंगा. तीन दिवस त्या डब्यावर कंपनी चालली. पहिला अर्धा दिवस सोडला तर कोणाची हजेरी बुडली नाही. चौथ्या दिवशी सकाळी पूल उघडला, भरलेल्या गाड्या निघाल्या, आणि आमचा ड्रायव्हर रिंगांचं खोकं घेऊन असा आला जणू लंका जिंकून आलाय.

एक तारखेला यादी लागली. त्याचं नाव नव्हतं.

मी यादी तीनदा वाचली. गेटवर तो उभा होता, जेवणाचा डबा हातात. म्हणाला, ‘मॅडम, नाव नाही म्हणतेत. मशीनवर थंब लागत नाही.’ तक्रार नाही, नुसतं कळवल्यासारखं. नऊ वर्षं! मी तशीच प्लांटच्या साहेबांकडे गेले. ते चांगले गृहस्थ, पण कागदाला बांधलेले. म्हणाले, ‘मला कळतं हो सगळं. पण फायलीत मेमो आहे. त्यानं तीन दिवस कंपनी वाचवली, हे त्या मेमोत लिहिलेलं नाही ना. तो चूक आहे असं फक्त लिहिणाराच म्हणू शकतो. आणि तसं म्हणालात तर प्रश्न तुम्हाला येणार. न तपासता बाद केला म्हणून.’

‘येऊ द्या,’ मी म्हणाले. म्हणाले आणि कागद पुढे ओढला. त्या वर्षी माझं प्रमोशन ठरलं होतं.

लिहिलं. ‘सदर माल मी पुड्या न उघडता बाद केला. माल जाडीनुसार बांधलेला व लॉट नंबरसह होता. परवानगीशिवाय साठा ठेवणे ही कामगाराची चूक, परंतु मिसळलेला माल हा माझा आरोप चुकीचा असून तो मेमो मागे घ्यावा.’ सही केली. प्रमोशन गेलं ते गेलंच, त्याचं पुराण नको. चौथ्या दिवशी पुरवणी यादी निघाली. एकच नाव होतं तिच्यात.

पद्धतही थोडी बदलली. दोन डबे राहिले, कार्ड राहिलं, गोदामं परत घेतली नाहीत. तो मूर्खपणा मी होऊच दिला नसता. फक्त नदीपलीकडून येणाऱ्या, छोट्या, स्वस्त, पण ज्यांच्यावाचून लाइन अडते अशा अकरा वस्तूंचा पाच दिवसांचा साठा वेगळ्या कपाटात. जुना माल आधी वापरायचा, नवा मागे लावायचा, म्हणजे पडून सडणार नाही. त्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे द्यावी, असं मीच सुचवलं.

तो कामावर आला त्या दिवशी मी त्याला स्टोअरमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि माझा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मग म्हणाले, ‘भाऊ, माझं चुकलं.’ आयुष्यात हे वाक्य मी फार कमी वेळा बोलले आहे. मला वाटलं, झालं, फिटलं.

त्यानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, ‘मॅडम, राग नका मानू. त्या दिवशी तुमी साऱ्या लाइनसमोर बोलल्या होत्या. माझ्या गावचे पाच जण हायेत तिथी. गावात अजूनबी म्हणतेत, रिंगा चोरत होता म्हणून. पोरीच्या सासरपर्यंत गेली ते गोष्ट.’ कप खाली ठेवला. ‘अन् हे तुमी दार लावून मले एकट्यालेच वाचून दाखवता?’

मी तो कागद उचलला. 

मी उठले, दार उघडलं. लाइनवर गेले आणि थांबवायचं बटण दाबलं. तोवरच्या वीस वर्षांत मी लाइन कधी स्वतःहून थांबवली नव्हती. प्लांटचे साहेब केबिनमधून धावत बाहेर आले. तीस माणसं वळून पाहायला लागली, त्याच्या गावची पाचही. तो आपल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला, मान खाली.

‘भाऊ, मान वर करा,’ मी म्हणाले, आणि तो कागद मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.